प्ले दाबलं की स्क्रीन काळी का पडते आणि ते काळं होणं कमी कसं करायचं

माझ्या काकांनी नवीन स्ट्रीमिंग बॉक्स घेतला आणि तिसऱ्या दिवशी फोन आला, "अरे, हा टीव्ही गेला बहुतेक, पिक्चर लावला की आधी अंधार होतो." जाऊन बघितलं तर गंमतच होती. काका प्ले दाबायचे, स्क्रीन काळी पडायची, दोन सेकंद झाले की त्यांना वाटायचं बटण लागलंच नाही म्हणून ते परत दाबायचे, आणि दुसऱ्यांदा दाबलं की पिक्चर पॉज. मग चित्र यायचं ते थांबलेलंच यायचं आणि काका म्हणायचे बघ हँग झाला. म्हणजे टीव्ही ठणठणीत, बॉक्स ठणठणीत, फक्त मधल्या त्या तीन-चार सेकंदात काय चाललंय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्यांनी नुकताच असा बॉक्स जोडलाय त्यांच्यासाठी ते इथे सांगतो, आणि त्यातलं किती टाळता येतं तेही.

आधी, त्या अंधारात होतं काय

बॉक्सचा मेनू साधारणपणे सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत असतो, म्हणजे ६० हर्ट्झ, आणि साध्या रंगात, ज्याला एसडीआर म्हणतात. तुम्ही लावलेला सिनेमा मात्र बहुतेक वेळा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो (काटेकोर बोलायचं तर २३.९७६) आणि नवा असेल तर एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनमध्ये असतो, म्हणजे जास्त उजेड आणि जास्त रंग असलेल्या चित्रात. बॉक्सवर मॅचिंग चालू असेल तर तो म्हणतो ठीक आहे, सिनेमा जसा आहे तसाच पाठवतो, आणि केबलवरून जाणारा सिग्नलच बदलतो.

सिग्नलचा वेग बदलला की टीव्हीला जुनी पकड सोडून नवी घ्यावी लागते. ४के मध्ये ६० हर्ट्झवरून २४ वर आलं की पिक्सेल पाठवायचं घड्याळ ५९४ मेगाहर्ट्झवरून २९७ वर येतं, म्हणजे बरोबर अर्धं. टीव्हीला ते नवं घड्याळ पकडायचं, मग बॉक्स आणि टीव्ही कॉपी-प्रोटेक्शनचा हँडशेक परत करणार, मग टीव्ही स्वतःचा पिक्चर मोड बदलणार, बॅकलाइट एचडीआरच्या हिशोबाने वर नेणार, आणि हे सगळं जागेवर येईपर्यंत तुम्हाला खरखर किंवा हिरवं-जांभळं चित्र दिसू नये म्हणून टीव्ही मुद्दाम पडदा टाकून ठेवतो. तोच तो अंधार. आवाजही त्याच केबलने येतो म्हणून तोही तेवढ्यापुरता जातो. याने टीव्हीला काही इजा होत नाही, मध्ये स्पीकरचा रिसीव्हर असेल तर त्यातून टिक्क असा आवाज येतो तोही नॉर्मलच.

इथे एक गोष्ट नीट धरून ठेवा कारण पुढचं सगळं त्यावर आहे: बदल दोन असतात. एक फ्रेम रेटचा, एक डायनॅमिक रेंजचा, म्हणजे एसडीआरवरून एचडीआरला जायचा. दोघांची सेटिंग वेगळी, दोघांचा फायदा वेगळा, आणि अंधार दोघांमुळे होतो. लोक दोन्ही एकदम बंद करून टाकतात आणि मग म्हणतात एचडीआरमध्ये काही दम नाही.

पायरी १: सेटिंगला हात लावायच्या आधी मोजा

कागद घ्या, हसू नका, पाच मिनिटांचं काम आहे. एक सिनेमा लावा आणि बघा किती वेळा काळं होतं. सुरू करताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा, असं दोनदा झालं तर ते ठरल्याप्रमाणे चाललंय. सुरुवातीलाच लागोपाठ दोनदा झालं, म्हणजे काळं, मग क्षणभर चित्र, मग परत काळं, तर बॉक्स किंवा ते ॲप रेंज आणि फ्रेम रेट वेगवेगळे बदलतंय. आणि नुसतं मेनूत फिरतानाच काळं होत असेल तर बहुतेक करून पोस्टरवर थांबल्यावर आपोआप चालू होणारा ट्रेलर त्याला कारण आहे, कारण ट्रेलरसुद्धा व्हिडिओच, त्याच्यासाठीही मोड बदलू शकतो. असा ऑटोप्ले ॲपच्या किंवा प्रोफाइलच्या सेटिंगमधून बंद करता येत असेल तर पहिल्यांदा तो बंद करा, निम्मी कटकट तिथेच संपते.

अंधार किती सेकंद टिकतो तेही मोजा. फोनवर व्हिडिओ घ्या आणि नंतर बघा, मनातल्या मनात मोजलं तर एक सेकंदाचे तीन वाटतात. एक ते चार सेकंद यात काही विशेष नाही. महत्त्वाचं हे की प्रत्येक वेळी साधारण तेवढेच भरतात का. काकांकडे दर वेळी जवळपास चार भरत होते, त्यामुळे तिथेच मला कळलं की बिघाड नाही.

आणि टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो बटण दाबून बघा, बऱ्याच टीव्हीवर कोपऱ्यात येणाऱ्या सिग्नलची माहिती दिसते, 3840x2160, 24Hz, HDR असं काहीतरी. मेनूत असताना एकदा आणि सिनेमा चालू असताना एकदा बघितलं की नक्की काय बदललं ते अंदाजाने सांगायची गरज उरत नाही.

पायरी २: मेनूचा मोड ठरवा

बॉक्सचा डिफॉल्ट मोड ४के एसडीआर ६० हर्ट्झ ठेवा. ॲपल टीव्हीवर ते `Video and Audio` मध्ये `Format` खाली `4K SDR 60Hz` म्हणून मिळतं. बऱ्याच जणांचा बॉक्स पहिल्या सेटअपमध्येच एचडीआर किंवा डॉल्बी व्हिजनवर जाऊन बसतो आणि लोकांना वाटतं वा, सगळंच एचडीआर! तसं नसतं. साधा व्हिडिओ एचडीआरच्या डब्यात कोंबून पाठवला की तो एचडीआर होत नाही, टीव्ही मात्र एचडीआर मोडमध्ये बॅकलाइट ताणून बसतो, त्यामुळे एलसीडी टीव्हीवर काळा रंग राखाडी दिसायला लागतो आणि जुने सिनेमे, बातम्या, सगळ्याचे चेहरे भलतेच दिसतात. फायरटीव्हीवर याच गोष्टीला `Always HDR` म्हणतात आणि त्याच्या शेजारीच `Adaptive` आहे, तो निवडायचा.

हो, हे खरं की सगळं कायम एचडीआरमध्ये ठेवलं तर रेंज बदलायचा अंधार जातो. माझ्या मते हा सौदा तोट्याचा आहे. दिवसातून चार वेळा तीन सेकंद वाचवायला दिवसभर चुकीचे रंग बघायचे कशाला.

आकड्याचा एक अपवाद आहे. तुम्ही जे बघता त्यातलं बहुतेक २५ किंवा ५० फ्रेमचं असेल, म्हणजे ५० हर्ट्झवाल्या देशांतलं टीव्हीसाठी बनवलेलं मटेरियल, तर मेनूच ५० हर्ट्झवर ठेवा. मग ते कार्यक्रम लावताना फ्रेम रेट बदलायची वेळच येत नाही.

पायरी ३: दोन मॅचिंग, दोन वेगळे निर्णय

डायनॅमिक रेंजचं मॅचिंग चालूच ठेवा. ॲपल टीव्हीवर `Match Content` मध्ये `Match Dynamic Range` असं ते आहे. यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण हे बंद केलं की वर सांगितलेला घोळ होतो, नाहीतर मग एचडीआर सिनेमा एसडीआरमध्ये बघावा लागतो.

फ्रेम रेटवर मात्र थोडं थांबूया, कारण इथे उत्तर तुमच्या टीव्हीवर अवलंबून आहे.

६० ला २४ ने भाग जात नाही. म्हणून २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झवर दाखवताना बॉक्स पहिली फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा, मग परत तीनदा, असं चालतं. एक फ्रेम ५० मिलिसेकंद आणि पुढची ३३. कॅमेरा हळू फिरत असतो तेव्हा हे लंगडणं दिसतं, रस्त्यावर चालत्या गाडीला बारीक गचके बसावेत तसं. शेवटची नावं वर सरकताना तर अगदी स्पष्ट दिसतं. २५ फ्रेमचं असेल तर आणखी वाईट, तिथे दोन-दोन-तीन-दोन-तीन असा वेडावाकडा ताल लागतो.

आता मजा अशी की बरेच चांगले टीव्ही हा तीन-दोनचा ताल ओळखतात आणि जास्तीच्या फ्रेम काढून आतमध्ये परत २४ चा सरळ ताल लावतात, विशेषतः ज्यांचं पॅनल १२० हर्ट्झचं असतं, कारण १२० ला २४ ने बरोबर पाचदा भाग जातो. तुमचा टीव्ही हे काम करत असेल तर सिनेमांसाठी बॉक्सवरचं फ्रेम रेट मॅचिंग बंद ठेवलं तरी चालतं, आणि एसडीआर सिनेमा तर मग अंधार न होताच सुरू होतो. २५ च्या मटेरियलला मात्र ही युक्ती लागू पडेल असं धरू नका.

कसं ओळखायचं? फ्रेम रेट मॅचिंग बंद करा आणि असा सीन शोधा जिथे कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो, मागे खांब, खिडक्या, झाडं असं उभं काहीतरी आहे. खांबाकडे बघा. मग मॅचिंग चालू करून तोच सीन. फरक दिसला नाही तर बंद ठेवा आणि खुशाल झोपा. गचके गेले तर चालू ठेवा. टीव्हीचं मोशन स्मूदनिंग दोन्ही वेळेला बंद असू द्या, नाहीतर तुम्ही टीव्हीने मधे घुसवलेल्या फ्रेमच बघत बसाल आणि काहीच ठरणार नाही.

काही टीव्ही असेही असतात, ६० हर्ट्झ पॅनलचे, जे २४ चा सिग्नल घेऊनसुद्धा आत परत तीन-दोनच करतात. तिथे मॅचिंग चालू करून फक्त अंधार मिळतो, बदल्यात काही नाही. म्हणून डोळ्यांनी बघून ठरवा, डब्यावर काय छापलंय त्यावरून नको.

गूगलवाल्या बॉक्सवर `Match content frame rate` मध्ये तीन पर्याय दिसतात आणि नवीन माणूस इथे हमखास अडकतो. `Never` म्हणजे कधीच बदलू नको. `Seamless` म्हणजे अंधार न होता बदलता आलं तरच बदल, नाहीतर राहू दे. `Non-seamless` म्हणजे अंधार झाला तरी चालेल पण बदल. तर तुम्ही `Seamless` ठेवलं आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागलात, तर ते बिघडलेलं नाही, तुमच्या टीव्हीला विनाअंधार बदल जमत नाहीये आणि बॉक्स शहाण्यासारखा गप्प बसलाय. फायरटीव्हीवर याचं नाव `Match Original Frame Rate`. आणि कुठल्याही बॉक्सवर हे लक्षात असू द्या की ॲपनेसुद्धा बॉक्सला सांगावं लागतं की माझा व्हिडिओ इतक्या फ्रेमचा आहे. सांगितलंच नाही तर तुमची सेटिंग चालू असूनही काही होणार नाही. एका ॲपमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पायरी ४: क्यूएमएस मिळतंय का बघा

एचडीएमआय २.१ मध्ये, जे २०१७ मध्ये आलं, क्विक मीडिया स्विचिंग नावाची सोय आहे, लोक क्यूएमएस म्हणतात. कल्पना साधी आहे. केबलवरचा मूळ वेग तसाच ठेवायचा आणि फक्त दोन फ्रेममधली रिकामी जागा कमीजास्त करून ६० चे २४ करायचे, गेमसाठी व्हीआरआर नावाची जी फ्रेमचा वेग कमीजास्त करायची सोय असते त्याच पद्धतीने. घड्याळ बदललंच नाही तर पकड सुटत नाही आणि अंधारही होत नाही.

यासाठी बॉक्स आणि टीव्ही दोघांनाही क्यूएमएस यायला हवं. टीव्हीवर नुसतं एचडीएमआय २.१ लिहिलेलं असणं पुरत नाही, व्हीआरआर असणंही पुरत नाही, क्यूएमएस वेगळं लिहिलेलं लागतं. तिसऱ्या पिढीच्या ॲपल टीव्ही ४के मध्ये ते आहे. मध्ये रिसीव्हर असेल तर त्यालाही ते पुढे पाठवता आलं पाहिजे.

आणि एवढं करून ते फक्त फ्रेम रेटचा अंधार घालवतं. रिझोल्युशन तेच राहिलं पाहिजे, आणि एसडीआरवरून एचडीआरला जाताना व्हायचा तो अंधार होतोच. म्हणून क्यूएमएस चालू केलं तरी डॉल्बी व्हिजन सिनेमाला काळं होतंय अशी तक्रार करायच्या आधी एक साधा एसडीआर सिनेमा लावून बघा.

पायरी ५: मधली मंडळी

काकांचे चार सेकंद मला जरा जास्त वाटले. त्यांचा बॉक्स आधी साउंडबारमध्ये जात होता आणि साउंडबारमधून टीव्हीत. म्हणजे बॉक्स आणि साउंडबारने आधी नवा सिग्नल पकडायचा, हँडशेक करायचा, मग साउंडबार आणि टीव्हीने तेच परत करायचं. एका लग्नात दोनदा मुहूर्त. मी बॉक्स सरळ टीव्हीत लावला आणि आवाज टीव्हीच्या ईएआरसी पोर्टमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या एचडीएमआय पोर्टमधून, साउंडबारकडे नेला. चाराचे दोन-अडीच झाले. बाकी काहीही बदललं नव्हतं.

मग त्यांचा फ्रेम रेटचा प्रयोग केला, खांबवाला. त्यांच्या टीव्हीने तीन-दोनचा ताल स्वतःच काढला, मॅचिंग चालू-बंद मध्ये मला फरक दिसला नाही, काकूंना तर मुळीच नाही. म्हणून फ्रेम रेट मॅचिंग बंद केलं, रेंजचं चालू ठेवलं. आता त्यांचे जुने सिनेमे लगेच सुरू होतात आणि फक्त एचडीआरवालं काही लावलं की दोन सेकंद काळं. तेवढं काकांना चालतं, फक्त दुसऱ्यांदा बटण दाबू नका एवढं रिमोटवर चिठ्ठी लावून ठेवलंय, काकूंनी.

दोन सेकंदातही सिनेमाचं पहिलं वाक्य खाल्लं जातंय असं होत असेल तर त्याचं कारण असं की काही ॲप अंधारातच व्हिडिओ पुढे चालवतात. चित्र आलं की दहा सेकंद मागे जा, मोड आधीच बदललेला असतो त्यामुळे परत काळं होत नाही. कोडी हे प्लेअर ॲप वापरत असाल तर तिथे याचा सरळ इलाज आहे, सेटिंगमध्ये `Delay after change of refresh rate` मध्ये तुमच्या अंधाराएवढे सेकंद टाका, तो तेवढा वेळ थांबून मगच सुरू करतो. पायरी १ मध्ये मोजलेला आकडा इथे कामाला येतो. त्याच कोडीत `Adjust display refresh rate` हे `On start / stop` वर ठेवा, म्हणजे सुरू आणि बंद करतानाच बदलतो.

जाहिरातीवाला प्लॅन असेल तर एक त्रास उरतोच. सिनेमा एचडीआरमध्ये, जाहिरात एसडीआरमध्ये, त्यामुळे जाहिरातीला जाताना एकदा आणि परत येताना एकदा काळं होऊ शकतं. याला बॉक्सच्या सेटिंगमध्ये औषध नाही, म्हणजे रेंजचं मॅचिंग बंद करणं सोडून, आणि ते का नको ते वर सांगितलंच.

पायरी ६: जेव्हा ते मोड बदलणं नसतं

सिनेमा मजेत चालू आहे, जाहिरात नाही, तुम्ही काही दाबलेलं नाही, आणि विसाव्या मिनिटाला अचानक काळं. परत पस्तिसाव्याला. हे मोड बदलणं नाही. मोड बदलायला कारण लागतं, इथे कारणच नाही. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा टीव्ही नो सिग्नल म्हणत असेल तर संशय केबलवर घ्या, नुसती खेचून परत लावूनसुद्धा बघा.

केबलचा एक नमुना ओळखण्यासारखा आहे. मेनू नीट, जुने सिनेमे नीट, २४ हर्ट्झचा एचडीआर सिनेमाही नीट, पण ६० फ्रेमचा एचडीआर व्हिडिओ लावला, एखादी मॅच वगैरे, की चित्र जातं-येतं. ४के ६० ला केबलवर १८ गिगाबिटपर्यंत ओझं पडतं, २४ ला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कमकुवत केबल हलकं ओझं वाहून नेते आणि जड ओझ्याला पाय लटपटतात. अशा वेळी बॉक्स तात्पुरता ४के ३० हर्ट्झवर किंवा १०८०पी वर आणा. काळं होणं थांबलं तर पाणी केबलमध्येच मुरतंय. १८ गिगाबिटसाठी प्रीमियम हाय स्पीड आणि ४८ साठी अल्ट्रा हाय स्पीड असं प्रमाणित केबलवर लिहिलेलं असतं, त्यातली शक्य तेवढी आखूड घ्या.

केबल बदलूनही तसंच होत असेल तर बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावा, पण त्या पोर्टसाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जास्त क्षमतेचा मोड वेगळा चालू करावा लागतो हे विसरू नका. सोनीवर तो `Enhanced format` या नावाने असतो, सॅमसंगवर `Input Signal Plus`. तो बंद असेल तर बॉक्सला वाटेल टीव्हीला ४के ६० एचडीआर झेपतच नाही, तो गुपचूप खालचा मोड पाठवेल, काळं होणं थांबेल आणि तुम्ही म्हणाल पोर्ट बदलून जमलं. म्हणून पोर्ट बदलल्यावर इन्फो बटण दाबून परत बघा की HDR आणि 60Hz अजून लिहून येतंय ना.